पाहुण्यांच्या आधी फवारणीचं कॅलेंडर

प्रिय सुन्या,

शेतावर पर्यटन सुरू करायच्या बेताचं तुझं लांबलचक पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही बघितला. तीन कॉटेज, मध्ये लॉन, कोपऱ्यात छोटा स्विमिंग पूल, आणि बाग कुठे तर मागच्या बाजूला उरलेल्या जागेत. वहिनींनी खाली पेन्सिलीने लिहिलंय ना, "आणि तोडणी कोण करणार?", तोच खरा प्रश्न आहे रे. दोन एकरांत शेती पण चालवायची आणि पाहुणे पण ठेवायचे म्हणजे आधी खोल्यांचा नाही, तारखांचा हिशोब लागतो.

म्हणून गवंड्याला बोलवायच्या आधी एक मोठा कागद घे. वर बारा महिने, खाली तुझी कामं: छाटणी, खतं, फवारणी, फळ धरणं, तोडणी, भाजीची लागवड, आणि बाग विश्रांतीला असते तो काळ. मग बघ की पाहुण्यांना दाखवण्यासारखं, तोडू देण्यासारखं काही नेमकं कधी असतं. तुझ्या एकरभर पेरूत ते तोडणीचे सहा-सात आठवडे, जास्तीत जास्त दोन बहारांचे मिळून तीन महिने. बाकी वर्षभर पाहुण्याला काय मिळणार याचं उत्तर भाजीच्या वाफ्यातून द्यायचं, लॉनवरून नाही. लॉन कुणाच्याही रिसॉर्टवर असतं, आणि तुझ्यापेक्षा चांगलं असतं.

आता सगळ्यात नाजूक भाग, फवारणी. याबद्दल कुणी बोलत नाही कारण ब्रोशरमध्ये छान दिसत नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तीन दिवस, सात दिवस, काहींना पंधरा किंवा जास्त. बाजारात माल पाठवताना आपण ते पाळतोच, पण पाहुण्यांच्या बाबतीत फरक असा की फळ झाडावरून थेट तोंडात जातं, मध्ये धुणं नाही काही नाही, आणि खाणारा बहुतेक वेळा पाच वर्षांचा असतो. दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे फवारलेल्या भागात माणसाने परत कधी शिरायचं. हे काढणीच्या दिवसांपेक्षा वेगळं असतं, काही औषधांना काही तास, काहींना एक-दोन दिवस, आणि लोक हे दोन्ही एकच समजतात. फळ न तोडता नुसतं झाडाखाली खेळणारं पोर पानांना हात लावतंच की.

तुझ्या बागेवर हे मांडून बघू. वीस बाय वीस फुटांवर लावलेली बाग म्हणजे एकरात शंभर-एकशे दहा झाडं, समज दहा-दहाच्या ओळी. चांगल्या वयातलं झाड हंगामात चाळीस किलो देतं असं धर (तुझं कमी-जास्त असेल, तू मोजतोसच), म्हणजे तोडणीच्या सात आठवड्यांत आठवड्याला झाडामागे पाच-सहा किलो पिकतं. एका ओळीत झाले पन्नास-साठ किलो. स्वतः तोडायला आलेलं चौघांचं कुटुंब हौसेने चार-पाच किलो घेऊन जातं, त्याच्यावर हात जातच नाही कारण तोडायचा कंटाळा येतो. म्हणजे एक ओळ एका वीकेंडला दहा-बारा कुटुंबांना पुरते! पाहुण्यांसाठी अख्खी बाग उघडायची गरजच नाही. उरलेल्या नऊ-दहा ओळी नेहमीसारख्या बाजारासाठी, तिथे तुझे नेहमीचे तोडणारे लोक काम करतील आणि मध्ये कुणाचं पोर फांदीला लोंबकळणार नाही.

आता वार धर. फवारणी सोमवारी पहाटे, पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येणार आणि रविवारी दुपारी जाणार. तीन दिवस थांबायचं औषध सोमवारी मारलं तर शनिवारी ती ओळ उघडता येते. सात दिवसांचं मारलं तर पुढच्या सोमवारपर्यंत बंद, म्हणजे तो वीकेंड गेला. म्हणून बाग दोन भागांत वाट, पूर्व आणि पश्चिम, आणि पाहुण्यांची ओळ आलटून पालटून. ज्या भागात लांब मुदतीचं औषध जाणार त्याच्या विरुद्ध टोकाची ओळ उघडी, मध्ये दोन ओळी तरी मोकळ्या सोड कारण वारा कुणाचं ऐकत नाही. उघड्या ओळीच्या दोन्ही तोंडांना रंगीत फीत बांध आणि एका वहीत तारीख, औषध, ओळ नंबर, कधी उघडणार एवढं लिही. ही वही पाहुण्याने मागितली तर दाखवता आली पाहिजे, आणि मागणारे असतात बरं का, विशेषतः लहान मुलांच्या आया.

आणि मधल्या वारी पाहुणे घ्यायचे नाहीत, निदान हंगामात तरी. मोह होईल, कुणी फोन करून बुधवारी येऊ का विचारेल, तू हो म्हणशील आणि मग तुझी फवारणी दोन दिवस पुढे जाईल. तेवढ्यात फळमाशी फळात अंडी घालून मोकळी. पेरूला देठाच्या आसपास बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसले, भोवती थोडं मऊ लागलं, की समज उशीर झालाय, आत अळी असणार. तसं फळ पाहुण्याच्या हातात फुटलं तर पुढचं तुला सांगायला नको. म्हणून पाहुण्यांच्या ओळीत औषधाऐवजी जास्त भर पिशव्यांवर आणि सापळ्यांवर दे. फळ लिंबाएवढं झालं की पिशवी घालायची, फळमाशीचे गंध सापळे लटकवायचे, आणि गळालेली फळं रोज गोळा करून लांब खोल पुरायची, कारण त्यातूनच पुढची पिढी निघते. एकरभर हे करणं परवडत नाही, पण एका ओळीला सहज परवडतं, आणि पिशवी काढून आतलं स्वच्छ फळ बघायला पोरांना गिफ्ट उघडल्यासारखं वाटतं.

ती ओळ पुढच्या छाटणीला जरा बुटकी पण ठेव, हात वर केला की फळ मिळेल इतकी. शिडी पाहुण्याला कधीच द्यायची नाही, अगदी कुणी आम्ही लहानपणी चढायचो म्हणाला तरी. देठ कापायला बोथट टोकाच्या कात्र्या ठेव, नाहीतर फळ ओढलं की फांदी सालीसकट सोलवटून येते आणि पुढच्या वर्षीचा डोळा पण जातो.

भाजीचं सोपं आहे. स्वयंपाकघरामागे सहा-सात वाफे फक्त पाहुण्यांसाठी, तिथे रासायनिक औषध अजिबात नाही. मुळा, पालक, मेथी, घेवडा असं काहीतरी दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत जायचं, एकदम सगळं नाही, म्हणजे कधीही कुणी आलं तरी काहीतरी उपटण्याजोगं असतं. भेंडी या वाफ्यात नको, लुसीमुळे हात खाजतात आणि संध्याकाळभर तेच चालतं. बुटके टोमॅटो आणि काकडी हमखास हिट. थोडी नासधूस होणार ती धरूनच चाल.

आता राहण्याचं. तीन कॉटेज विसर, आहे त्या घराला लागून एक मोठी खोली, फार तर दोन, मिळून सहा माणसं. इटलीत १९८५ साली शेतीपर्यटनाचा स्वतंत्र कायदा झाला, त्याचा गाभाच असा आहे की शेती मुख्य राहिली पाहिजे आणि पाहुणचार तिला जोड, आणि २००६ च्या कायद्यात तर दहापर्यंतच पाहुणे असतील तर शेतीच मुख्य आहे असं मानतात. मला तो दहाचा आकडा फार शहाणपणाचा वाटतो. त्याच्या वर गेलं की घरातली माणसं पुरत नाहीत, स्वयंपाकी ठेवावा लागतो, त्याचा पगार निघायला रोज पाहुणे लागतात, आणि मग मधले वार गेलेच हातातून.

एका रात्रीचं बुकिंग घेऊ नकोस, दोन रात्री कमीत कमी. चादरी धुणं, बाथरूम घासणं, खोली लावणं याला तेवढाच वेळ लागतो, पाहुणा एक रात्र राहो की तीन. हे काम वहिनी आणि काकूंवरच येणार, तू काही बाथरूम घासणार नाहीस हे मला माहितीये. त्यामुळे किती वीकेंड घ्यायचे ते त्यांनी ठरवावं आणि पैसे पण त्यांच्या वेगळ्या खात्यात जावेत, मी काकांसमोर हे म्हणणार नाही पण तुला म्हणतो.

पाणी आणि संडास याकडे मात्र पूलपेक्षा आधी बघ. राहणाऱ्या माणसाला रोजचे सव्वाशे-दीडशे लिटर धर, सहा जणांचे साडेसातशे-नऊशे झाले, आणि हे नेमकं उन्हाळ्यात बागेला पाणी कमी पडतं तेव्हाच. तुझी सेप्टिक टाकी घरच्या पाच माणसांच्या मापाची आहे. त्यात रविवारी दिवसभराचे वीस पाहुणे आले तर घाण खाली बसायला वेळच मिळत नाही, गाळ तसाच शोषखड्ड्यात ढकलला जातो आणि खड्ड्याची माती बुजते. लगेच कळत नाही. आधी पाणी हळू जायला लागतं, मग नळीतून गुडगुड आवाज, मग खड्ड्याच्या वर एक तुकडा कायम ओलसर आणि आजूबाजूपेक्षा जास्त हिरवा. तो हिरवा तुकडा दिसला की पाहुणे बंद करून आधी खोदकाम. दिवसभराच्या पाहुण्यांना वेगळा संडास वेगळ्या टाकीवर दे, आणि पाहुणे गेल्यावर ॲसिड, ब्लीच बादल्यांनी ओतायचं नाही, टाकीतले जीवाणूच मरतात.

वासराजवळ पोरं जाणारच, तिथे साबण आणि वाहता नळ ठेव. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, वासरांच्या शेणातून येणारे काही परजीवी त्याने मरत नाहीत. आणि हात धुतल्याशिवाय पेरू नाही, हा नियम मोठ्यांना पण.

पहिला हंगाम खोली न बांधता फक्त दिवसभराचे पाहुणे घे, एक ओळ, वाफे, जेवण, संध्याकाळी टाटा. वीसच्या वर नाही. त्यात कळेल की घरात कुणाला हे आवडतंय आणि कोण तोंड पाडून बसतंय. परवानगी, विमा वगैरे तुमच्या तिथे काय लागतं ते त्याच काळात विचारून घे, विम्यात पाहुणा शेतात पडला तर काय हे स्पष्ट लिहून घे, नुसतं घराचा विमा आहे म्हणून चालत नाही.

बारा महिन्यांचा कागद भरून मला फोटो पाठव. आणि नकाशात विहीर दाखवलीस पण शोषखड्डा नाही दाखवलास, दोघांत किती अंतर आहे ते टेप लावून मोज. पंधरा मीटरच्या आत असेल तर आधी खड्डा हलवायचा, तीस असेल तर उत्तम. काका-काकूंना नमस्कार, वहिनींना सांग पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं.

तुझा,
बंड्या