वॉचमन मामा, तुमच्या वहीसाठी थँक्यू

मामा,

रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा चार्ज दिला. मिनिट्स बुक, आय रजिस्टर, जे रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटची काउंटर बुकं, बँकेच्या फाइली, सगळ्याची यादी करून नवीन सेक्रेटरी ताईंची सही घेतली, गच्चीच्या चाव्या पण मोजून दिल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की यादीत तुमची वही नाहीच. जिन्याखालच्या खोलीत खिळ्याला सुतळीने बांधलेली ती लाल कव्हरची वही. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून ग्रुपवरच टाकतोय.

आठवतंय ना दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी? पाण्याचं बिल एकदम वाढलं आणि मी येडा झालो होतो. लिफ्टजवळ नोटीस लावली, पाइपने गाड्या धुवू नका, मग एकेका घरात जाऊन फ्लश गळतोय का बघितलं, सी विंगच्या काकूंशी तर माझं आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं (काकू, सॉरी, तुमची बादली निर्दोष होती). आणि शेवटी सगळ्या मीटिंगसमोर मी तुमच्यावर घसरलो, की तुम्ही पंप चालू ठेवून झोपता आणि वरची टाकी ओव्हरफ्लो होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर गेटवर वही घेऊन उभे.

"साहेब, पंप रोज तेवढाच चालतोय. मग जास्तीचं पाणी वर गेलंच कुठं?"

इंजिनिअर मी, आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. तुम्ही रोज सकाळी सहाला मीटरचं रीडिंग लिहायचा आणि पंप कधी लावला कधी बंद केला तेही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. त्यात स्पष्ट दिसत होतं, डिसेंबरात दिवसाला साधारण 35 युनिट यायचे, म्हणजे 35 हजार लिटर, आणि पंप चालायचा दोन तास वीस मिनिटं. फेब्रुवारीत युनिट झाले 43, पण पंप अजून दोन तास वीस मिनिटंच. घराघरांत वापर वाढला असता किंवा वरची टाकी वाहत असती तर पंप जास्त वेळ चालला असता. म्हणजे आठ हजार लिटर पाणी मीटरमधून आत येतंय पण पंपापर्यंत पोचतच नाहीये, मधेच कुठेतरी जातंय. ताई, हे तुमच्यासाठी पण लिहितोय, बिल वाढलं की नोटीस लावण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

मधे म्हणजे दोनच जागा. मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतची लाइन किंवा टाकी स्वतः. लाइन तपासायला पाच मिनिटं लागली, पाणी सुटलेलं असताना तुम्ही टाकीच्या तोंडाचा वॉल्व बंद केलात आणि आम्ही मीटरमधल्या त्या छोट्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसलो. थांबलं. लाइन ठीक.

मग ती रात्र. बाराला पंप बंद, इनलेट बंद, तुम्ही टाकीत बांबू उभा सोडला आणि पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करायला गेलात, मी म्हटलं मामा खडू पुसला जाईल, तर तुम्ही खिशातून बायकोचा केसांचा रबर काढून बांबूला गुंडाळलात. पहाटे पाचला बघितलं तर पाणी रबराच्या सात सेंटीमीटर खाली. टाकी आतून सहा मीटर बाय चार, म्हणजे एक सेंटीमीटर उतरलं की 240 लिटर गेले. सात सेंटीमीटर म्हणजे 1680 लिटर, पाच तासांत. चोवीस तासांचा हिशोब केला तर आठ हजाराच्या थोडं वर. तुमच्या वहीतला आकडा आणि बांबूवरचा आकडा जुळला तेव्हा पहाटे पाच वाजता मी तुम्हाला मिठी मारली होती, सेक्युरिटी कॅमेऱ्यात आहे ते.

बाहेर कुठेच ओल नव्हती कारण टाकी जमिनीत, पाणी मातीत मुरत होतं. एक प्लंबर म्हणाला पूर्ण टाकी आतून वॉटरप्रूफिंग करा, कोटेशन बघून खजिनदारांना घाम फुटला. तुम्ही म्हणालात आधी पाणी उतरू द्या, कुठं थांबतंय बघू. टाकी तशीच सोडली, वरच्या टाकीत टँकर घेतला. पाणी उतरत उतरत तळापासून साडेतीन फुटांवर येऊन थांबलं, नंतर हलेना. म्हणजे भोक त्याच उंचीवर. तिथेच भिंतीतून पंपाचा सक्शन पाइप बाहेर जातो आणि त्याच्या भोवतीचं सिमेंट सुटलं होतं, बोट जाईल एवढी फट.

काम दोन दिवसांचं. टाकी रिकामी केली, झाकणं अर्धा दिवस उघडी ठेवली, फॅन लावला, आत एक माणूस तर वर एक माणूस, हा नियम तुम्ही कुणाला मोडू दिला नाहीत आणि बरोबरच होतं, बंद टाकीत हवा खराब झालेली असते, माणूस क्षणात कोसळतो. पाइपभोवती खाच पाडून न आकसणारं ग्राउट भरलं, वरून कोटिंग, टाकी धुऊन घेतली. भरल्यावर पुन्हा बांबू आणि पुन्हा रबर. सकाळी पाणी रबरालाच टेकलेलं.

मला खरी भीती नंतर वाटली. पावसाळ्यात आपल्याकडे कंपाउंडमध्ये पाणी साचतं, आणि शेजारूनच ड्रेनेज जातं. टाकीतली पातळी खाली गेली असती तर त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत आलं असतं. 48 घरं तेच पाणी प्यायली असती. तेव्हा तर बिल उलट कमी आलं असतं आणि मी खूष झालो असतो!

तर थँक्यू मामा. आणि त्या मीटिंगमध्ये जे बोललो त्याबद्दल माफी, ती खाजगीत मागितली होती, आरोप सगळ्यांसमोर केला होता म्हणून आता इथे. तुमच्या पगारवाढीचा विषय दोन एजीएम पुढे ढकलला गेला, त्यात माझाही आळस आहे, यावेळी ठराव झालाय, कॉपी ताईंच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलीये.

ताई, पंप आता जुना झालाय. मीटरचे युनिट तेवढेच असून पंपाचे मिनिट वाढत गेले तर गळती शोधू नका, पंपवाल्याला बोलवा.

वही आता चार्ज यादीत पेनाने लिहिलीये, अनुक्रमांक 23, "पाणी वही, लाल, वॉचमन मामांकडे". नवीन वही पण आणून ठेवलीये कारण जुनीची चारच पानं उरलीत. उद्या सकाळी सहाला ताई रीडिंग बघायला खाली येतायत, मीटरचं झाकण उघडायच्या आधी त्यांना आतल्या बेडकाचं सांगा, मला नव्हतं सांगितलंत.

तुमचा,
माजी सेक्रेटरी, ए विंग
डोंबिवली