‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ म्हणजे शेवट नव्हे

महोदय,
एम्प्रेस मिलमध्ये राबलेल्या एका कामगाराचा नातू आज लॅब टेक्निशियन आहे. तो आमच्याच वस्तीत राहतो. ड्युटीवरून आला की शेजारी रिपोर्ट घेऊन त्याच्या ओट्यावर जमतात. मागे एक काकू लेकीचा सिकलसेलचा रिपोर्ट घेऊन रडतच आल्या. त्यावर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिले होते आणि ठरलेले लग्न मोडायच्या बेतात होते.

तो म्हणाला, “काकू, यात रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या नाहीत की पॉझिटिव्ह. पण पोरगी आजारी आहे की नुसती वाहक, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करा.” अलीकडे रक्त चढवले होते का, हेही त्याने विचारले, कारण दुसऱ्याचे रक्त अंगात असले की निकाल फसवा येऊ शकतो.

नवा रिपोर्ट ‘एएस’ आला, म्हणजे पोरगी वाहक. मग त्याने मुलाचीही तपासणी करायला लावली. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. मुलाचा ‘एए’ आला, म्हणजे तो वाहकही नाही. लग्न ठरल्याप्रमाणे होत आहे.

औषध मात्र तो कधीच सांगत नाही, डॉक्टरांकडेच पाठवतो.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पुढची तपासणी कोणती, हे अशा रिपोर्टवरच मराठीत दोन ओळींत छापणे प्रयोगशाळांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, नागपूर