‘शक्यतो’भोवती तुम्ही काढलेलं वर्तुळ

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर १० जूनलाच, रुजू झाले त्या संध्याकाळी लिहायचं होतं. पण परतल्यावर पहिले काही आठवडे साठ्याचे आकडे पुन्हा ओळखीचे करून घेण्यातच गेले. उघड पत्र लिहितेय, कारण तुम्ही माझ्या अर्जाचं जे केलंत ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तुमचं नाव घेत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून.

माझा पहिला मसुदा तुम्हाला आठवत असेल. संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र पूर्णवेळ करावं लागणार होतं, आणि मी लिहिलं होतं : ‘मला काही महिन्यांची बिनपगारी रजा मिळावी. अभ्यास पूर्ण होताच मी परत रुजू होईन. शक्यतो माझ्या सध्याच्या पदावर सामावून घ्यावे, ही विनंती.’ मला वाटलं, किती नम्र आणि नेटकं झालंय! तुम्ही पेन्सिल उचललीत. ‘काही’ला एक वर्तुळ, ‘होताच’ला एक आणि ‘शक्यतो’ला तर दोनदा गिरवून एक. मग म्हणालात, “यात तू परत येणार आहेस, याची खात्री फक्त तुलाच आहे.”

त्या दिवशी मला ते जरा लागलं होतं. पण तुमचं म्हणणं साधं होतं. माझ्या अर्जात मी येईन एवढंच होतं. आले तर ते मला कुठे बसवतील, याबद्दल अक्षर नव्हतं. परतीची हमी दोन्ही बाजूंनी लागते आणि दोन्हीकडे तारीख लागते.

आधी तारीख. परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होत्या, म्हणून मी लगेच पुढचा सोमवार धरला होता. तुम्ही विचारलंत, परीक्षा पुढे गेल्या तर? प्रकल्पाची तोंडी राहिली तर? मुदतवाढीचा अर्ज रजा सुरू असताना करावा लागला की पहिल्या हमीची किंमत निम्म्यावर येते, हे तुम्ही पूर्वी पाहिलं होतं. म्हणून रजा १ जानेवारी ते ९ जून आणि रुजू होण्याचा दिवस १० जून. ते जास्तीचे दोन-तीन आठवडे मागताना मला संकोच वाटत होता. तोंडी परीक्षा खरंच आठ दिवस पुढे गेली तेव्हा तो गेला.

मग पद. ‘शक्यतो’ खोडून तिथे तुम्ही लिहिलंत : ‘त्याच पदावर, किंवा ते शक्य नसल्यास त्याच श्रेणीच्या व त्याच मूळ वेतनाच्या समकक्ष पदावर.’ मी म्हटलं, नुसतं ‘त्याच पदावर’ का नाही लिहायचं? तुमचं उत्तर होतं की तेवढं घट्ट लिहिलं तर सही करणारा कचरेल. विभागाची रचना पुढे बदलणारच नाही, असं कोण लिहून देईल? जे देणं त्यांच्या हातात आहे ते नेमकं मागायचं. खुर्चीचा शब्द त्यांना देता येत नाही, श्रेणीचा आणि पगाराचा देता येतो. आणि विभागच बंद झाला तर या ओळीचाही फारसा उपयोग नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली भर मात्र वेगळीच होती. ‘१० जूनला रुजू होत असल्याचे मी २९ एप्रिलपर्यंत लेखी कळवीन.’ सहा आठवडे आधी का, तर माझ्या जागी घेतलेल्या तात्पुरत्या माणसाचं काय करायचं ते त्यांना तेव्हाच ठरवावं लागणार होतं. त्याचा करार तुम्ही २४ जूनपर्यंत सुचवलात, म्हणजे दोन आठवडे आम्ही दोघं बरोबर बसू. साहेबांनी अर्ज वाचताना मान डोलावली ती याच ओळीवर. तोवर त्यांना माझा अभ्यास दिसत होता. इथे त्यांना त्यांचं वेळापत्रक दिसलं.

विम्याचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं. गटविम्याच्या हप्त्यातला माझा वाटा पगारातून कापला जातो. पगारच नाही तर कापणार कशातून? तुम्ही सांगितलंत म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की त्या महिन्यांचा वाटा आगाऊ भरला नाही तर संरक्षण थांबेल. भरला आणि पावती ठेवली.

मंजुरी साहेबांनी तोंडी दिली. “अगं, जा तू, तुझी जागा कुठे जात नाही.” मी खूश होऊन तुमच्याकडे आले आणि तुम्ही मला त्याच पावली परत पाठवलंत. त्याच संध्याकाळी मेल गेली : ‘आज झालेल्या चर्चेनुसार रजेचा कालावधी, रुजू होण्याचा दिनांक आणि समकक्ष पदाबाबतची अट खालीलप्रमाणे आहे. यात काही बदल असल्यास कळवावे. मंजुरीचे पत्र मिळावे, ही विनंती.’ पत्र यायला अकरा दिवस लागले. तोवर तुम्ही मला कामाची सोपवणूकही सुरू करू दिली नाहीत.

आणि एप्रिलमध्ये साहेबच बदलले.

२९ तारखेचं माझं पत्र नव्या साहेबांकडे गेलं आणि त्यांचा फोन आला. त्यांना माझ्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. तात्पुरता माणूस छान काम करत होता. मला त्यांनी दुसऱ्या शाखेतली एक जागा देऊ केली, एक श्रेणी खालची, ‘सध्यापुरती’. आवाजात वाईटपणा नव्हता, त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून ते बोलत होते. माझा घसा कोरडा पडला, पण भांडावं लागलं नाही. एवढंच म्हटलं, “सर, मंजुरीचं पत्र पाठवते, तिसरा परिच्छेद पाहाल का?” दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. १० जून, सध्याचंच पद. साहेबांच्या त्या प्रेमळ वाक्यावर मी विसंबून राहिले असते तर त्या फोनवर माझ्याकडे सांगायला काय होतं? ज्यांनी शब्द दिला ते तिथे नव्हतेच.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. परतल्यावर दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, असं लिहून द्या, अशी त्यांची मागणी होती आणि मी द्यायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, रजा बिनपगारी, फी तुझी, मग दोन वर्षं कशाची? रजेइतकाच काळ देऊ कर. मी घाबरून एक वर्ष कबूल केलं. सोडायचा विचार नाहीये, पण तुमचा हिशोब बरोबर होता.

वार्षिक वेतनवाढीचंही तुम्ही सांगितलंत तसंच झालं. सेवा अखंड धरली, पण मूल्यमापनात रजेचे महिने मोजले नाहीत, त्यामुळे वाढ पुढच्या वर्षावर गेली. तुम्ही आधी बजावलं होतं, म्हणून पत्र हातात पडलं तेव्हा वाचून शांतपणे फाइलला लावलं.

निकाल लागला आहे. गुणपत्रिकेची प्रत सोबत जोडते. तुमचे मनापासून आभार, ताई. पेन्सिलीच्या खुणांचा तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. परत मागू नका, मिळणार नाही.

तुमची,
साठा नियोजनातली, खिडकीजवळच्या टेबलावरची