मॅडम, तुम्ही विचारलेल्या त्या एका प्रश्नासाठी

मॅडम, नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे मुलाखतीला आले होते ती मी, दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावणारी.

त्याआधीच्या एका मुलाखतीत मी काहीच सांगितलं नव्हतं. केस मोकळे सोडून यंत्रं झाकली होती. समोरचे खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे चेहरे काळोखे दिसत होते. त्यांनी विचारलं, ‘कामात कोणता बदल केलात?’ मी ऐकलं ‘मदत’. ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, आणि मी अर्धं तर ओठांवरूनच ऐकते. सहकाऱ्यांना केलेल्या मदतीबद्दल मी दोन मिनिटं बोलले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्रश्न पुन्हा विचारायचे कष्टही घेतले नाहीत. पुढच्या ठिकाणी मी दारातच सांगून टाकलं, तर सगळे ओरडून बोलायला लागले. ओरडल्यावर ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रातून आवाज फाटका येतो. हे समजावण्यातच माझी पहिली दहा मिनिटं गेली.

म्हणून तुमचं बोलावणं आल्यावर, तारीख नक्की करतानाच मी चार ओळी लिहिल्या. ऐकू किती कमी येतं, कधीपासून, कशामुळे, यातलं काही लिहिलं नाही. फक्त काय लागेल ते लिहिलं: चेहऱ्यावर उजेड असावा, एका वेळी एकानेच बोलावं, आकडे आणि नावं कागदावर लिहून दाखवावीत. पाठवताना हात थरथरत होता. बायोडेटात उल्लेख केला होता तेव्हा कुठूनच बोलावणं आलं नव्हतं. कारण तेच होतं का, हे मला कधी कळणार नाही.

तुमचं उत्तर आलं: ‘सगळी सोय होईल. हे पॅनेलला मी आधी सांगू, की तुम्ही स्वतः सांगाल?’

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. माझ्या कानांची गोष्ट कुणाला, कधी कळावी हे मी ठरवायचं, असं तुम्ही धरून चालला होतात. मी स्क्रीनसमोर रडले, खरंच सांगते. मग लिहिलं, ‘तुम्हीच सांगा.’

आत आले तेव्हा पडदे ओढलेले होते, वरचा दिवा लावलेला होता, टेबलावर कोरे कागद होते. बोलता बोलता एका सरांचा हात तोंडावर गेला, तर शेजारच्या बाईंनी नुसती खूण केली आणि त्यांनी तो लगेच खाली घेतला. त्याची चर्चा झाली नाही, की कुणी माझ्याकडे कीव करून पाहिलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही फक्त कामाबद्दल बोललो. माणसं इतक्या सहज चांगली वागू शकतात, हे मी विसरत चालले होते.

निवड झाली नाही. अनुभव कमी पडला, असं तुम्ही स्पष्ट कळवलंत आणि मला ते पटलं, कारण या वेळी मी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं दिली होती.

त्या चार ओळी मी जपून ठेवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे मुलाखत आहे. काल त्या पाठवताना खाली पाचवी ओळ घातली: ‘हे पॅनेलला तुम्ही आधी सांगितलंत तर मला चालेल.’

तुमची मनापासून आभारी आहे.