पॉडकास्टची ऑटोमॅटिक समरी आणि शेवटी येणारं ‘नाही’

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत पळण्याच्या व्यायामावरच्या एका पॉडकास्टचे मुद्दे छापून आले, खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की समरी ऑटोमॅटिक आहे. मी तो एपिसोड आधीच पूर्ण ऐकला होता, दोन तास चाळीस मिनिटांचा, त्यामुळे पहिलाच मुद्दा वाचून अडखळलो. ‘पळल्याने गुडघे झिजतात, असं डॉक्टर सांगतात.’ मला तर उलटंच ऐकल्याचं आठवत होतं. मग म्हटलं बघूच, आणि व्हिडिओखालचा ट्रान्सक्रिप्ट उघडून बसलो.

आधी समरीतले बारा मुद्दे फोडले, कारण एका वाक्यात दोन-दोन तीन-तीन दावे कोंबलेले असतात आणि त्यातला एक बरोबर निघाला की आपण अख्खं वाक्य बरोबर धरून पुढे जातो. फोडल्यावर एकोणीस दावे झाले. मग प्रत्येक दाव्यातला एखादा ठळक शब्द ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधायचा, तो सापडला की तिथली वेळ बघून व्हिडिओ अर्धा मिनिट मागे न्यायचा आणि ऐकायचं. नुसती ती ओळ वाचून भागत नाही, का ते सांगतो.

गुडघ्यांचं वाक्य सापडलं. डॉक्टर म्हणाले होते, ‘पळल्याने गुडघे झिजतात असं सगळे म्हणतात, पण हौशी पळणाऱ्यांमध्ये तसं काही दिसत नाही.’ आता आपल्या मराठीची गंमत बघा, ‘असं म्हणतात’ पण वाक्याच्या शेवटी आणि ‘नाही’ पण शेवटी, आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये तीन-चार शब्दांवर ओळ तुटते, ना पूर्णविराम ना स्वल्पविराम. पहिल्या ओळीत ‘पळल्याने गुडघे झिजतात’, ‘नाही’ पार चौथ्या ओळीत. समरीने पहिली ओळ उचलली आणि झालं.

दुसरी चूक बोलणारा कोण याची. या ट्रान्सक्रिप्टमध्ये होस्ट आणि पाहुणा वेगळे दाखवलेलेच नव्हते, सगळं एकाच सलग मजकुरात. होस्टने विचारलं, ‘म्हणजे चाळिशीनंतर पळणं बंदच करायला हवं ना?’ आणि समरीत ते डॉक्टरांचा सल्ला म्हणून आलं! त्यावर डॉक्टर हसले होते, पण हसणं कुठे लिहिलेलं असतं?

तिसरी गोष्ट मात्र मलाही चकवून गेली. समरीत होतं की सुरुवातीला एका वेळी तीन किलोमीटरच पळावं. ट्रान्सक्रिप्टमध्येही ‘तीन किलोमीटर’ होतं, मी खूण करून पुढे निघालो, नंतर सहज ऐकलं तर डॉक्टर ‘साडेतीन’ म्हणत होते, ट्रान्सक्रिप्टमध्ये त्याचं ‘साडी तीन’ झालेलं आणि समरीने साडी काढून टाकलेली (हसलो खरं). म्हणजे ट्रान्सक्रिप्ट हाच काही अंतिम पुरावा नाही, तोही मशीननेच ऐकून लिहिलेला. दीड, अडीच, पावणेदोन असे आकडे आले की मी आता न ऐकता खूण करत नाही, सात आणि साठचंही तेच.

याची उलटी बाजूही आहे. गुडघ्यातल्या गादीचा, मेनिस्कसचा, मुद्दा ट्रान्सक्रिप्टमध्ये सापडेचना, मी समरीने तो मनाने घातला असं लिहूनही टाकलं होतं. मग गुडघ्यांवरचं बोलणं जिथे होतं त्याच्या आसपास वाचत गेलो तर तिथे ‘मैने इस कस’ असं छापलेलं. शब्द सापडला नाही म्हणजे बोललंच नाही असं होत नाही, शेजारचा सोपा शब्द शोधून बघायचा, मला ‘गादी’ शोधल्यावर लगेच मिळालं असतं.

शेवटी एकोणीसपैकी तेरा बरोबर, चार अर्धवट (त्यातच ते साडेतीन, बाकी तिन्हीत ‘कदाचित’, ‘काही जणांना’ असे शब्द गळालेले), आणि दोन साफ उलटे.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते जे समरीत नव्हतंच ते. दावे तपासून हे कधीच कळत नाही, त्यासाठी उलट दिशेने जावं लागतं, म्हणजे ट्रान्सक्रिप्टचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे घेऊन प्रत्येकातलं काही समरीत आलंय का बघायचं. सुरुवातीचं आणि शेवटचं भरपूर आलेलं, आणि १:३५ ते २:०५ हा अर्धा तास कोराच. त्यातच डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघ्याला जुनी दुखापत असेल, सूज येत असेल, तर आधी दाखवून घ्या आणि मगच पळा.

या सगळ्याला मला जवळपास दोन तास लागले. तुमच्याकडे तेवढा वेळ नसणार हे समजतं, तर निदान ज्या मुद्द्यात आकडा आहे किंवा ‘करा’, ‘करू नका’ आहे तेवढे तरी ऐकून घ्या, आणि छापताना प्रत्येक मुद्द्यापुढे व्हिडिओतली वेळ द्या, बाकीचं आम्ही वाचक बघून घेऊ. गुडघ्यांच्या वाक्याची वेळ ०:४१:२० आहे, दुरुस्ती छापाल तर तीही द्या.

आपला,
एक नेहमीचा वाचक