चि. मुक्तास, कॉलम भरायच्या आधी

चि. मुक्ता,

काल फोनवर काँक्रीटमधल्या पाण्यावरून आवाज चढला माझा. नाना म्हणाले "पोरीला करू दे तिचं", आणि तेही खरंच, पण डॉक्टर अजून महिनाभर एसटीत बसू देत नाहीत आणि तिकडे शनिवारी तुझ्या दोन खोल्यांचे कॉलम भरायचे, म्हणून लिहितोय. पाण्यावरून परत काही बोलणार नाही.

खड्ड्याचा फोटो पाहिला. तळाशी चार इंच पीसीसीचं साधं काँक्रीट टाकलंय ते झकास. तिथे सळई नसते, नुसती सपाट बैठक हवी असते, म्हणून सिमेंट, वाळू, खडी एकास चार आठ किंवा एकास तीन सहा चालतं. त्याच्यावर सळई बांधली की मात्र फुटिंग असो, कॉलम, बीम, स्लॅब असो, एकास दीड तीन. तुझा मिस्त्री म्हणतो अख्ख्या गावाचे स्लॅब एकास दोन चारने झालेत, तर झाले असतील, पूर्वी आमच्या साईटवरही तेच चालायचं. पण 2000 साली काँक्रीटचा कोड बदलला, तेव्हापासून सळईच्या कामाला एम20 ग्रेडच्या खाली जायचं नाही, आणि ठोकळमानाने एम20 म्हणजे एकास दीड तीन. आणि कुणी कॉलमला एकास एक दोन म्हणाला तर ते मापाने ठरवायचं काम नाही, एम20च्या वर इंजिनिअरकडून मिक्स डिझाईन लागतं. तुझ्या दोन खोल्यांना गरज नाही, ड्रॉइंगवर एम20च लिहिलंय.

आता माप. घमेल्याने मोजू देऊ नकोस. सकाळी माणसं ताजी असतात तेव्हा घमेलं शीग लावून येतं, चारनंतर तेच घमेलं सपाट. सुताराकडून पेटी करून घे, आतून 40 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर, म्हणजे 35 लिटर, सिमेंटची एक गोणी मोकळी केली की तेवढीच भरते. गोणीमागे वाळू दीड पेटी, वीस एमएम खडी तीन पेट्या. अर्ध्या पेटीला आतून रेघ मारून ठेव. सिमेंट पेटीने मोजायचं नाही, अख्खी गोणी फोडायची.

वाळू ओली असेल तर पेटी फसवते. ओली वाळू फुगते, त्यामुळे पेटी भरलेली दिसते पण माल कमी असतो आणि खडीतल्या फटी भरत नाहीत. काचेच्या सरळ बरणीत ती वाळू 20 सेंटिमीटर सैल भर, मग पाणी ओतून नीट ढवळ. बसून 16 झाली तर पाव हिस्सा फुगवटा, म्हणजे दीडऐवजी पावणेदोनच्या जरा वर पेटी घ्यायची. तू लहानपणी वाळूच्या ढिगात बसून हेच करायचीस, डब्यात वाळू, वरून पाणी, आणि आईच्या शिव्या मला.

आणि पाणी. बोलणार नव्हतो, पण गोणीला तीस लिटर, त्याच्या वर नाही. ओल्या वाळूत तीन-चार लिटर आधीच असतं, ते वजा करून सुरुवात सव्वीसने कर. मिस्त्री आणखी एक बादली मागणारच, कारण पातळ माल आपोआप साच्यात उतरतो, सळईने ठोसायची मेहनत वाचते. मिक्सरमधून पडलेला ढीग आपला आपण पसरला आणि कडेने पाणी सुटलं की समज जास्त झालं. दहा फूट वरून असला माल सोडला की खडी तळाशी जाते, लगदा वर राहतो. एका साईटवर फळ्या काढल्यावर कॉलमच्या पायाशी उघडी खडी आणि आत रिंग दिसत होती, मी बोट घातलं तर पेरभर आत गेलं. दुपारपर्यंत त्यावर प्लास्टर मारून मोकळे. म्हणून एका वेळी पाच फुटांच्या वर उंचीवरून सोडू देऊ नकोस, आणि थर टाकला की व्हायब्रेटर.

लेक्चर झालं बघ, माफ कर. बँकेत तू लोकांचे हिशेब धरतेस तसा हाही धर: नऊ बाय बाराचा, दहा फुटी कॉलम म्हणजे साडेसात घनफूट, चारांचे तीस. गोणीला साडेचार घनफुटाच्या आसपास काँक्रीट होतं, म्हणजे सात गोण्या. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोज. पाचच निघाल्या तर काहीतरी गडबड आहे, मला लगेच फोन कर, मी झोपलेलो नसेन.

त्या मिस्त्रीला तू "मोजूनच टाका" म्हणालीस हे अप्पाकाकांनी सांगितलं. मी चारचौघांत सांगितलं ते सगळ्यांना. फक्त शनिवारी मिक्सरपाशी स्वतः थांब, जेवायलाही जाऊ नकोस, डबा तिथेच मागव, कारण पाणी जेवणाच्या सुट्टीतच वाढतं.

तुझे,
बाबा

ता. क. फळ्या काढल्या की कॉलमभोवती गोणपाट गुंडाळून दहा दिवस ओलं ठेव. हे पाणी मात्र कितीही मार.