तुमचं शुगर मीटर आणि दंडावरचा सेन्सर दोन्ही माझ्या आईची शुगर जास्त दाखवत होते, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

माझी आधीची तक्रार तुम्ही 'मीटर व्यवस्थित आहे' असा मेसेज पाठवून बंद केलीत, म्हणून आता सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. कृपया हे पत्र तुमच्या टेक्निकल टीममधल्या माणसाने पूर्ण वाचावं, हेल्पलाइनवरून परत तेच ठरलेलं उत्तर नको.

आई अडुसष्ट वर्षांची आहे, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घेते. घरी तुमचं मीटर आहे, आणि शुगर खाली-वर होतेय म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तुमचाच दंडावर लावायचा सेन्सरही घेतला. त्याच सुमारास मूळव्याधीच्या रक्तस्रावामुळे तिचं हिमोग्लोबिन ७.१ पर्यंत खाली आलं होतं, रिपोर्टमध्ये पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातल्या तांबड्या पेशींचा हिस्सा, २२.४ टक्के, त्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि लोह नीट शोषलं जावं म्हणून जोडीला व्हिटॅमिन सी ५०० ची चघळायची गोळी दिवसातून दोनदा. गुडघ्यासाठी अधूनमधून पॅरासिटामॉल असतेच. म्हणजे शुगर मोजणाऱ्या कुठल्या ना कुठल्या मशीनला फसवू शकतील अशा तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगात होत्या, आणि त्याबद्दल तुमच्याकडून आम्हाला कोणीही एक शब्द सांगितला नव्हता.

एका संध्याकाळी आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलताना शब्द अडकत होते. मीटरवर ८४, सेन्सरवर ९६. दोन्ही आकडे बघून कोणीही म्हणेल की शुगर लो नाही, थकवा असेल. पण लक्षणं सरळ लो शुगरची होती म्हणून मी आकड्यांकडे न बघता तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली आणि थोड्या वेळात ती माणसात आली. हे लिहायचं कारण असं की दोन मशीन एकमेकांना दुजोरा देत होती, एकच असतं तर शंका तरी आली असती.

मग आम्ही लॅबमध्ये नीट तपासून घेतलं. उपाशीपोटीच, कारण जेवणानंतर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्या शुगरमध्ये तसाही फरक पडतो आणि मग तुम्ही तेच कारण पुढे केलं असतंत. शिरेतून राखाडी बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, त्याच मिनिटाला बोट धुवून पुसून मीटरवर टेस्ट केली. मीटर ११३, लॅब ९१. बावीसचा फरक, म्हणजे जवळजवळ २४ टक्के जास्त. आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या स्टँडर्डप्रमाणे १०० च्या खालच्या शुगरला ९५ टक्के रीडिंग लॅबच्या १५ च्या आत यायला हवीत, आणि तुमच्या डब्यावर हेच स्टँडर्ड छापलंय. त्या संध्याकाळचे ८४ ह्याच हिशोबाने खाली आणले तर खरी शुगर ६८ च्या आसपास निघते, म्हणजे ७० च्या खालीच.

हे फोनवर सांगितल्यावर तुमच्या माणसाने कंट्रोल सोल्युशन टाकून बघायला सांगितलं. टाकलं, रेंजमध्ये आलं, आणि त्यावर तुम्ही तक्रार बंद केली. मला ह्याचाच जास्त राग आलाय. कंट्रोल सोल्युशन म्हणजे ठरावीक ग्लुकोज घातलेलं पाणीच, त्यात तांबड्या पेशी नसतात. स्ट्रिप खराब झाली असेल, डबी उघडी राहून दमट झाली असेल तर ते नक्की पकडेल, पण अॅनिमियावाल्या माणसाच्या रक्तात ती स्ट्रिप चुकते का हे त्याने कळूच शकत नाही. तुम्ही तपासलंत एक आणि सर्टिफिकेट दिलंत दुसऱ्याच गोष्टीचं.

चूक कशी होते तेही लिहिते, म्हणजे 'मॅडम टेस्टिंगची पद्धत चुकली असेल' हे परत ऐकावं लागणार नाही. स्ट्रिपवर एक एन्झाइम असतं, ते ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं, स्ट्रिपवरचंच दुसरं एक केमिकल ते इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत नेऊन पोचवतं, आणि मीटर तो करंट मोजून आकडा दाखवतं. हे सगळं थेंबातल्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात चालतं. तांबड्या पेशी तिथे जागा अडवतात आणि त्या केमिकलची वाट हळू करतात, आणि मीटरचा हिशोब बसवलेला असतो ४०-४५ टक्क्यांच्या आसपास पेशी असलेल्या रक्तावर. पेशी निम्म्याच असल्या की त्याच थेंबात प्लाझ्मा जास्त, वाट मोकळी, करंट जास्त, आणि आकडा खोटा मोठा. पेशी जास्त असल्या, उदाहरणार्थ अंगातलं पाणी कमी झालेला पेशंट किंवा नुकतं जन्मलेलं बाळ, तर उलटं, आकडा खोटा लहान. लॅबमध्ये रक्त फिरवून पेशी आधीच बाजूला काढतात म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

आणि हे तुम्हाला माहीत आहे! स्ट्रिपच्या डबीतल्या घडी केलेल्या कागदावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, हिमॅटोक्रिट ३५ ते ५० टक्के असं लिहिलंय. आईचं २२.४. म्हणजे तुमच्याच कागदाप्रमाणे ही स्ट्रिप आईसाठी नव्हतीच. तुमचंच दुसरं महाग मॉडेल आहे जे रक्तातल्या पेशींचा अंदाज स्वतः घेऊन आकडा दुरुस्त करतं, त्याची रेंज कितीतरी मोठी आहे. हा फरक दुकानदाराला माहीत नव्हता, हेल्पलाइनला नव्हता, मग आम्हाला कुठून कळणार? आपल्याकडे अॅनिमिया काही जगावेगळा आजार नाही, शुगरवाल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, किडनीच्या पेशंटचं तर असतंच.

आता सेन्सर. सेन्सर कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, त्या पाण्यात तांबड्या पेशी नसतात, म्हणजे मीटरची चूक सेन्सरने पकडून द्यायला हवी होती. पण तोही फसला, व्हिटॅमिन सी मुळे. आई सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी लोहाची आणि सी ची गोळी घ्यायची, चहासुद्धा नंतर, आणि पुढच्या दोनेक तासांत सेन्सरची रेघ पंधराएक आकड्यांनी वर चढायची, काहीही न खाता. त्याच वेळात मीटरवर पाहिलं तर आकडा आधी होता तेवढाच. मीटर एकूण जास्त दाखवत होतं हे खरं, पण दोन्ही वेळा सारखंच जास्त, म्हणजे शुगर वाढलेली नव्हती. डॉक्टरांना विचारून सी ची गोळी बंद केली आणि सकाळचा तो चढ गेला. व्हिटॅमिन सी स्वतःच सहज इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, सेन्सरला ते ग्लुकोजकडून आलेत की व्हिटॅमिनकडून हे कळत नाही. ह्या सेन्सरच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सी घेतलं तर रीडिंग खोटं वाढू शकतं असं लिहिलंय, आई १००० घेत होती.

पण हेल्पलाइनवर मला काय सांगितलं माहितीये? व्हिटॅमिनने काही होत नाही, पॅरासिटामॉल मात्र लगेच बंद करा. अगदी उलट सांगितलं. पॅरासिटामॉलचा त्रास प्रामुख्याने हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणाऱ्या सेन्सरना होतो, कारण तिथे इलेक्ट्रोडवर व्होल्टेज जास्त ठेवावं लागतं आणि तेवढ्या व्होल्टेजला पॅरासिटामॉलही करंट देतं. काही जुन्या सेन्सरमध्ये नेहमीच्या डोसनेसुद्धा आकडा बराच वर जायचा, नंतर आलेल्या काहींमध्ये ठरावीक डोसपर्यंत चालतं. आईचा सेन्सर त्या जातीचा नाही, कमी व्होल्टेजवर चालतो, त्याच्या कागदावर पॅरासिटामॉलचं नावसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या माणसाने एका मशीनचा कागद दुसऱ्या मशीनला लावला. त्याचं ऐकलं असतं तर आईने गुडघेदुखी सहन केली असती आणि खरी गडबड करणारी गोळी चालूच राहिली असती. सगळे सेन्सर एकाच गोष्टीने चुकत नाहीत, ज्याच्या त्याच्या कागदावर काय आहे तेच सांगायला हवं, एवढं ट्रेनिंग तरी द्या.

चूक वरच्या बाजूला होती हे सगळ्यात वाईट. ह्याच मीटरवरची सकाळची १३०-१४० ची रीडिंग वहीत बघून डॉक्टरांनी इन्सुलिन चार युनिटनी वाढवलं होतं. त्या दिवसांतली खरी शुगर १०५ ते ११३ च्या घरात असणार. लॅबचे ९१ बघितल्यावर त्यांनी डोस लगेच परत खाली आणला आणि तेव्हापासून घाम-थरथर नाही.

तुम्हाला अजून शंका असेल तर हेही बघा. लोहाने पीसीव्ही ३४ वर आलं, तेव्हा परत तसंच उपाशीपोटी, त्याच मीटरवर, नवीन डबीच्या स्ट्रिपने बघितलं, मीटर १०८, लॅब १०१. फक्त सातचा फरक. मीटर तेच, बोट टोचणारी मी तीच, बदललं ते आईचं रक्त.

माझं म्हणणं असं आहे. उरलेल्या स्ट्रिपसकट हे मीटर परत घ्या आणि पेशींचा हिशोब धरणारं मॉडेल बदलून द्या, फरकाचे पैसे मी देणार नाही कारण चुकीचं मॉडेल तुमच्या दुकानदाराने न विचारता गळ्यात मारलंय. डब्याच्या बाहेर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात हिमॅटोक्रिटची रेंज छापा आणि शेजारी 'हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना विचारा' एवढं लिहा, कारण लोकांना हिमोग्लोबिन कळतं, पीसीव्ही साधारण त्याच्या तिप्पट असतं हे कोणाला माहीत नसतं. सेन्सरच्या डब्यावर व्हिटॅमिन सी चा डोस लिहा. आणि रीडिंग जुळत नाही असा फोन आला की हेल्पलाइनने कंट्रोल सोल्युशनच्या आधी हिमोग्लोबिन किती, व्हिटॅमिन सी किती, पॅरासिटामॉल घेता का, हे विचारायलाच हवं.

सीबीसीचे दोन्ही रिपोर्ट, लॅबचे दोन्ही शुगर रिपोर्ट, मीटरच्या मेमरीचे तारीख-वेळ दिसणारे फोटो आणि सेन्सरचे ग्राफ सोबत जोडलेत. मेडिकल उपकरणांच्या तक्रारींसाठी सरकारचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, तिथे ह्याची नोंद मी करतेच आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
तुमची एक ग्राहक, सांगली